हार्डशिप अलाउन्स, होम लोकेशन नाशिक

आमच्या कारखान्यात मी टाइम ऑफिसात कार्ड तपासायला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. पुढे एचआरमध्ये आले आणि तिथेच वाढले. पीएफ, कँटीन, कामगारांच्या बसचे मार्ग, युनियनशी दर तीन वर्षांनी होणारा करार, ही माझी कामं. सातपूरच्या त्या आवारात आम्ही स्विचगिअर, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी मोठी पॅनेलं, बनवतो. कंपनीचं मुख्य ऑफिस युरोपात आहे. त्यामुळे तिकडचा एखादा साहेब दोन-तीन वर्षांसाठी इकडे यायचा आणि त्याची फाइल माझ्याकडे असायची.

अशा पहिल्या साहेबाची फाइल मी उघडली तो दिवस मला चांगला आठवतो. गंगापूर रोडला बंगला, गाडी आणि ड्रायव्हर, मुलांच्या शाळेची फी, वर्षातून एकदा घरी जायची तिकिटं. इथवर ठीक होतं. मग एक ओळ आली, हार्डशिप अलाउन्स. राहायला अवघड अशा ठिकाणी पाठवलं म्हणून पगारावर दिलेला जादा भत्ता. ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं होतं, नाशिक.

माझं माहेर मखमलाबादचं. आमची गुलाबाची शेती. जगातली माणसं हवा चांगली म्हणून नाशकात फ्लॅट घेतात आणि या माणसाला इथे राहण्याचे वेगळे पैसे! मी कागद शेजारच्या टेबलावर दाखवला, आम्ही दोघी खूप हसलो. हसून झाल्यावर थोडं लागलंही. पण आकडा बरोबर होता, मी सही घेऊन फाइल पुढे पाठवली.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी उलटा प्रसंग आला. कंपनीने पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, फ्रेंच बोलणाऱ्या एका देशात, बंदराच्या शहरात नवा कारखाना उभा केला. मशीनं आली, इमारत झाली, पण हाय व्होल्टेज टेस्टिंगची लॅब सुरू करून तिथल्या लोकांना शिकवेल असं माणूस मिळेना. टेस्टिंग म्हणजे तयार झालेल्या पॅनेलवर मुद्दाम हजारो व्होल्ट सोडायचे आणि ते टिकतं का बघायचं. त्यात चूक झाली तर माणूस जातो. मुख्य ऑफिसने जगभरच्या कारखान्यांत विचारलं आणि शेवटी आमच्या टेस्टिंगच्या मॅडमचं नाव ठरलं.

ती नोकरीला लागली तेव्हा तिची मुलाखत मीच घेतली होती. हरसूलजवळच्या वाडीतली मुलगी, आईवडील भात आणि नागली करणारे. नाशिकला हॉस्टेलवर राहून डिप्लोमा केला, नोकरी करता करता डिग्री केली. बोलायला कमी. पण रिपोर्टवर तिची सही असली की गिऱ्हाईक दुसरा प्रश्न विचारत नसे. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मुलगी चौथीत.

प्लांट हेड साहेबांनी मला बोलावलं. "दोन वर्षांचं लेटर काढून टाका. कमिशनिंगला, पॅनेल बसवून सुरू करून द्यायला जाणाऱ्या पोरांना देतो तसा रोजचा भत्ता लावा."

"साहेब, ती पोरं पंधरा दिवसांसाठी जातात," मी म्हणाले. "ही दोन वर्षं घर मांडायला चालली आहे. आपल्याकडे साहेब येतात तेव्हा जी पॉलिसी लागते तीच हिला लागायला हवी."

"ती पॉलिसी त्यांच्यासाठी आहे."

"कागदावर तसं कुठे लिहिलेलं नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही ती पूर्ण वाचली आहे?"

मी वाचलेली नव्हती. हिशेबापुरती पानं तेवढी पाहिली होती. त्या शनिवारी आणि रविवारी मी सगळी पॉलिसी वाचली, डिक्शनरी शेजारी ठेवून, आणि प्रत्येक कलम वहीत मराठीत उतरवलं. मराठीत लिहिलं की मला कळतं.

पॉलिसीप्रमाणे आधी एक आठवडा तिला आणि नवऱ्याला ते शहर बघायला पाठवायचं होतं, ते पाठवलं. पिवळ्या तापाची लस घ्यायला दोघं मुंबईला जाऊन आली आणि मग गेली. परत आल्यावर आम्ही तिघं कॉन्फरन्स रूममध्ये बसलो. मी वही उघडून एकेक सांगायला लागले.

मूळ पगार इथलाच राहणार, पीएफ चालू. घर कंपनी स्वतः भाड्याने घेणार, जनरेटर आणि पाण्याची टाकी असलेलं. भाडं थेट घरमालकाला. मुलीची फी आणि शाळेची बस कंपनीकडे. गणवेश, सहली, डबा यांचा खर्च आईबापांचा. त्या शहरात आपल्या बोर्डाची शाळा नव्हती. एक फ्रेंच शाळा होती आणि एक इंग्रजी माध्यमाची इंटरनॅशनल शाळा. पॉलिसीत लिहिलं होतं की मायदेशी परतल्यावर शिक्षण पुढे चालू ठेवता येईल अशी शाळा द्यावी. म्हणजे इंग्रजी माध्यमाची, जी दोघांत महाग होती. मी तिच्यावर खूण केली.

तिचा नवरा, गुरुजी, म्हणाले, "आणि माझं?"

"तुम्हाला बिनपगारी रजा घ्यावी लागेल, सर. त्याची भरपाई पॉलिसीत नाही. व्हिसा आणि तिकीट मिळेल."

ते हसले. "आमच्या शाळेतल्या बाया नवऱ्याच्या बदलीपायी हेच करत आल्यात. आता माझी पाळी."

मग कराचं कलम आलं. तिच्या हातातला पेन थांबला. "मॅडम, मी तिकडे गेले की इथे कर लागणार नाही ना? मग पगारातून इथल्या कराएवढी रक्कम कापायची असं का लिहिलंय?"

हे मला स्वतःला समजायला पूर्ण रविवार लागला होता. मी सांगितलं, "ती सरकारकडे जात नाही. तू नाशकातच राहिली असतीस तर पगारावर जेवढा कर दिला असतास तेवढी रक्कम कंपनी तुझ्याकडून घेते. आणि तिथला खरा कर, कितीही येवो, कंपनी भरते. घरभाडं, शाळेची फी हेसुद्धा तिथलं सरकार तुझं उत्पन्न धरणार. त्यावरचा करही कंपनीच भरणार. त्या सगळ्यासाठी तुझ्याकडून जादा एक रुपया घ्यायचा नाही. वर्षाअखेर पुन्हा हिशेब करतात, कमी-जास्त कापलं असेल तर दुरुस्त करतात."

तिने थोडा विचार केला. "म्हणजे तिथला कर जास्त असला तरी माझ्या हातात येणारं कमी होत नाही. आणि कमी असला तर मला फायदा नाही."

"बरोबर."

"याला टॅक्स इक्वलायझेशन म्हणतात?"

"हो."

"मग ठीक आहे. सगळ्यांना सारखं आहे ना?"

"सगळ्यांना सारखं," मी म्हणाले, आणि तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

लेटरचा मसुदा मुख्य ऑफिसला गेला आणि दहा दिवसांनी परत आला. घर मंजूर. शाळा मंजूर. तिकिटं मंजूर. हार्डशिप अलाउन्ससमोर शून्य. खाली टीप होती की कर्मचारी भारतातील नाशिक येथून जात असून तिथली परिस्थिती आणि नव्या ठिकाणची परिस्थिती यांत विशेष फरक नसल्याने हा भत्ता लागू होत नाही.

मी ती टीप तीनदा वाचली. ज्या नाशकात राहण्याबद्दल त्यांच्या माणसाला भत्ता मिळत होता, त्याच नाशकात राहिल्यामुळे आमच्या बाईचा भत्ता बुडत होता. माझे कान तापले. तिला बोलावून कागद पुढे ठेवला.

तिने टीप वाचली आणि कागद उलटा ठेवला. मग म्हणाली, "आमच्या वाडीत लाइट जाते म्हणून मला अंधारात कमी ठेचा लागतात का, मॅडम?"

"सही करू नकोस अजून."

"पैशाचं म्हणत नाही मी. जायचं तर आहेच. पण हे असं लिहिलेल्या कागदावर सही करायची म्हणजे..." तिने कागद माझ्याकडे सरकवला.

"तू आठवडाभर तिथे राहून आलीस. काय पाहिलंस ते मला लिहून दे. तक्रार नको. फक्त पाहिलेलं."

दुसऱ्या दिवशी तिने जे आणून दिलं ते पाहून मी खुर्चीत ताठ बसले. तिने टेस्ट रिपोर्टच लिहिला होता. आमच्या लॅबच्या छापील नमुन्यावर, उभे तीन रकाने: तपासणीचा मुद्दा, नाशिक, नवं ठिकाण. रात्री लहान मूल आजारी पडलं तर डॉक्टरपर्यंत पोचायला लागणारा वेळ: नाशकात पंधरा मिनिटं, तिथे ज्या हॉस्पिटलवर कंपनीचा भरवसा आहे तिथवर दीड तास. हॉस्पिटलात बोलली जाणारी भाषा: मराठी, फ्रेंच. मलेरिया: क्वचित, वर्षभर, मुलीला अंगभर कपडे आणि मच्छरदाणी. पाणी: नळाचं, विकतचं. अंधार पडल्यावर बाईने एकटीने बाहेर जाणं: जाते, कंपनीच्या नियमानुसार मनाई. वडील आजारी पडले तर पोचायला: दोन तास, दोन विमानं बदलून किमान दीड दिवस. जवळचं माणूस: सगळे, कोणी नाही. खाली सही, तारीख आणि तिची नेहमीची ओळ: वरील नोंदी प्रत्यक्ष पाहून घेतल्या आहेत. निष्कर्षाची जागा तिने कोरी सोडली होती.

"निष्कर्ष लिहिला नाहीस?"

"ते गिऱ्हाईक ठरवतं," ती म्हणाली.

मी तो रिपोर्ट इंग्रजीत करून पाठवला आणि व्हिडिओ कॉल मागितला. आमची दुपार होती, त्यांची सकाळ. पलीकडे परदेशी पोस्टिंगचं काम बघणाऱ्या बाई होत्या, साधारण माझ्याच वयाच्या, अतिशय नम्र. इकडे मी आणि प्लांट हेड साहेब. साहेब येतील याची मला खात्री नव्हती. ते आले, पण वही न उघडता बसले.

बाईंनी शांतपणे सांगितलं की हार्डशिप ही कुणाच्या मनावर ठरत नाही. बाहेरची एक संस्था शहरांना गुण देते. निघायचं शहर आणि पोचायचं शहर यांच्या गुणांतला फरक किती, त्यावर टक्के ठरतात.

हे मी पॉलिसीत वाचलं होतं. "मला ती पद्धत मान्य आहे," मी म्हणाले. माझं इंग्रजी अडखळत होतं, पण मी थांबले नाही. "फरक मोजायचा असेल तर मोजा. तुम्ही नाशिक आणि त्या शहराचे गुण घेऊन मोजला असेल तर मला ते पान दाखवा. मी लगेच गप्प बसते."

त्यांनी स्क्रीनवर काहीतरी शोधलं. पुन्हा शोधलं. मग म्हणाल्या, "नाशिकचे गुण आम्ही मागवलेलेच नाहीत असं दिसतं."

"मग शून्य कुठून आलं?"

"विकसनशील देशातून विकसनशील देशात बदली असेल तर फॉर्ममध्ये आपोआप शून्य येतं." हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला होता. त्यांना ते आवडलं नाही हे दिसत होतं. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी राग उरला नाही.

"म्हणजे कुणी मोजलंच नाही," मी म्हणाले. "आमच्या बाईने मोजलं आहे. तो कागद तुमच्याकडे आहे."

"मी वाचला," त्या म्हणाल्या. "मला वेळ द्या. नवे गुण मागवायचे, मग समितीपुढे ठेवायचं. ऑक्टोबर अखेरपर्यंत होईल."

तेव्हा आमचे साहेब पहिल्यांदा बोलले. "ऑक्टोबरपर्यंत नाही चालणार. आमच्या कर सल्लागाराने लिहून दिलंय. आमचं करवर्ष एप्रिलला सुरू होतं. भारतात तिचे एकशे ब्याऐंशी दिवस भरायच्या आत, म्हणजे सप्टेंबर संपण्याआधी ती निघाली, तर या वर्षी ती इथली रहिवासी धरली जाणार नाही आणि तिकडच्या पगारावर इथे कर नाही. त्यानंतर निघाली तर वर्षभराचं सगळं उत्पन्न, तुम्ही तिथे देता ते घर आणि शाळेसकट, इथल्या कराच्या हिशेबात येणार. मग तिथे भरलेल्या कराची सूट मागत बसायचं. आणि टॅक्स इक्वलायझेशन तुमच्याच पॉलिसीत आहे. तिचं काही जाणार नाही. वरचा सगळा बोजा तुमच्यावर."

बाई लिहून घेत होत्या. साहेबांनी आणखी एक वाक्य जोडलं, "आणि ती गेली नाही तर तुमची लॅब सुरू करणारं दुसरं माणूस माझ्याकडे नाही. मला माहीत आहे त्याप्रमाणे, तुमच्याकडेही नाही."

कॉल संपल्यावर साहेब उठले, दारापाशी थांबले. "रोजच्या भत्त्याचं मी बोललो होतो ते विसरा," एवढं म्हणाले आणि शॉप फ्लोअरवर निघून गेले. मी रिकाम्या खोलीत बसून दोन ग्लास पाणी प्यायले.

अठरा दिवसांनी दुरुस्त लेटर आलं. आफ्रिकेतल्या त्या साइटवर मुख्य ऑफिसचा एक इंजिनिअर होता. त्याला हार्डशिपचे जेवढे टक्के होते त्यापेक्षा हिचे थोडे कमी होते, कारण नाशिकचे गुण त्याच्या शहरापेक्षा खाली होते. पण ते मोजून आलेले टक्के होते, आणि सोबत ते पान जोडलं होतं. टीप काढून टाकली होती. मी तिला दोन्ही आकडे दाखवले, लपवलं नाही.

तिने ते पान नीट वाचलं, दोन्ही शहरांचे गुण बोटाने पडताळले. "रीडिंग बरोबर आहे," म्हणाली. मग लेटरचं प्रत्येक पान वाचायला घेतलं. चौथ्या पानावर थांबली आणि पहिल्यांदा मोठ्याने हसली. तिथे छापलेलं होतं: कर्मचारी आणि त्याची पत्नी. इतक्या वर्षांत त्या नमुन्यावर बाई गेलीच नव्हती. मी पेनने दुरुस्त केलं, शेजारी आम्ही दोघींनी सह्या केल्या, मुख्य ऑफिसला कळवलं. मग तिने शेवटच्या पानावर सही केली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिघं गेली.

पहिलं वर्ष सोपं नव्हतं. मुलीला दोनदा मलेरिया झाला. गुरुजींना करमेना, मग ते शेजारच्या मुलांना गणित शिकवायला लागले आणि त्या बदल्यात फ्रेंच शिकले. एका दुपारी तिचा घाबरा फोन आला. तिथल्या कर खात्याचा कागद तिच्या नावाने आला होता, फ्रेंचमध्ये, आणि खालचा आकडा तिच्या तिथल्या पगाराच्या मानाने भलताच मोठा होता.

"मॅडम, हे मी कसं भरू?"

"तू भरायचंच नाहीस. घर आणि शाळा तुझं उत्पन्न धरलं आहे, म्हणून आकडा मोठा. कागदाचा फोटो काढून सल्लागाराला पाठव, मलाही पाठव. आणि मूळ प्रत फेकू नकोस."

महिनाभरात कंपनीने कर भरल्याची पावती आली. वर्षाअखेरच्या हिशेबात तिच्याकडून थोडी जास्त कपात झाली होती असं निघालं, तेवढी रक्कम तिला परत मिळाली. तिने त्या हिशेबाचीही आधी पडताळणी केली, मग कबूल केलं.

लॅब सात महिन्यांत सुरू झाली. तिने पाठवलेला फोटो आमच्या नोटीस बोर्डवर लागला: निळी हेल्मेटं घातलेल्या तिथल्या पाच जणी आणि दोघे, मधे ही. पहिलं पॅनेल पास झालं त्या दिवशी आमच्या टेस्टिंगच्या लोकांनी कँटीनमध्ये पेढे वाटले. पैसे त्यांनी आपापसांत काढले होते, मला नंतर कळलं.

घरी यायच्या सुट्टीत तिने मला हरसूलला जेवायला बोलावलं. आठवडे बाजाराचा दिवस होता. तिचे वडील मला बाजारातूनच घरी घेऊन गेले, आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "ह्या आमच्या पोरीच्या कंपनीच्या बाई." जेवून ओट्यावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, पोरगी म्हनती तिला त्रासाचे येगळे पैशे भेटत्यात. तिथं लय त्रास हाय का?"

त्यांच्या डोळ्यांत काळजी होती. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर ते पुढचं वर्षभर झोपणार नाहीत.

तीच आतून म्हणाली, "बाबा, डॉक्टर लांब हाय आन तुमी लांब हाय. बाकी निभतंय."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले. "तेचे पैशे घ्यायाच पायजे." आणि मला म्हणाले, "तुमीच भांडल्या म्हनं त्येच्यासाठी."

"रिपोर्ट तिने लिहिला होता," मी म्हणाले. "मी फक्त पुढे पाठवला."

खरं म्हणजे मला तसं म्हणायचं नव्हतं. मी भांडले होते, आणि मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. परत येताना गाडीत मी एकटीच हसत होते.

आता तो फॉर्म बदलला आहे. आपोआप येणारं शून्य काढलं. प्रत्येक बदलीला दोन्ही शहरांचे गुण मागवावे लागतात, आणि कर्मचारी आणि त्याची पत्नी याच्या जागी कर्मचारी आणि जोडीदार असं आहे. त्या नम्र बाईंनी हे घडवून आणलं, आणि नव्या पॉलिसीची पहिली प्रत मला पाठवली. गेल्या वर्षी आमच्या सिन्नरच्या युनिटमधला एक मेंटेनन्सचा माणूस, बायको आणि दोन मुलांना घेऊन, त्याच साइटवर गेला. त्याचं लेटर काढायला मला एक दुपार लागली. तिथल्या दुसऱ्या वर्षात असलेल्या टेस्टिंगच्या मॅडमने त्याला फोन करून शाळेच्या बसची वेळ आणि मच्छरदाणी कोणती आणायची ते सांगितलं.